धागा: एसटीचं पॅनिंग – दार शार्प, पण नाक आणि शेपूट हललेलं. का?

वाटसरू_वाई

नमस्कार मंडळी. गेले तीन रविवार सुरूर-वाई रस्त्यावर वडांच्या रांगेत उभा राहून लाल एसटीचं पॅनिंग करतोय. मागे वडाचे बुंधे रेघारेघांचे आणि पुढे गाडी स्वच्छ, एवढीच इच्छा आहे.

कॅमेरा साधा एंट्री लेव्हल डीएसएलआर, २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची किट लेन्स. शटर १/१५, आयएसओ १००, एफ/२२. वेळ सकाळी आठच्या आसपास. आतापर्यंत दीडशेच्या वर फ्रेम झाल्या. बहुतेक फेकून दिल्या, पण दहा-बारा फ्रेममध्ये एक विचित्र गोष्ट दिसते. गाडीच्या मधल्या खिडक्या इतक्या स्वच्छ येतात की काचेवरचा धुळीचा ओघळ मोजता येईल. पण ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा दुहेरी येतो आणि मागच्या टोकाचा दिवा पसरतो. सगळी गाडी हललेली असती तर माझा हात चुकला म्हटलं असतं. मध्ये बरोबर आणि टोकांना चूक, हे काय गौडबंगाल आहे?

मिलिंद_एक्स

सोपं आहे. १/१५ फार स्लो आहे रे. १/१२५ ला ये, सगळी गाडी शार्प मिळेल. आणि स्टॅबिलायझर बंद कर, पॅनिंगला तो नेहमी बंदच ठेवायचा असतो.

सुमनताई

मोबाइलमध्ये पॅनोरामा घेताना माझ्याकडेही असंच होतं. नातू मधेच धावला तर त्याला दोन डोकी येतात. फोन एकसारखा फिरवायचा आणि बाण रेघेवर ठेवायचा, असं जावयांनी सांगितलंय.

वाटसरू_वाई

सुमनताई, पॅनोरामा नाही, पॅनिंग. गाडीबरोबर कॅमेरा फिरवत एकच फोटो काढायचा. पण दोन डोक्यांचा नातू बघायला आवडेल. :)

मिलिंद, १/१२५ ने काढून पाहिलं. गाडी शार्प येते, पण मागचे वडही तसेच येतात. पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते एसटी.

चक्रधर

तीन प्रश्न. गाडीपासून किती लांब उभा असतोस? झूम कितीवर? आणि दोन्ही टोकं सारखीच हलतात, की एक जास्त?

वाटसरू_वाई

रस्त्याच्या कडेच्या चरापलीकडे बांधावर असतो. गाडी समोरून जाते तेव्हा दहा मीटर असेल. त्याहून जवळ गेलो तर फ्रेममध्ये मावत नाही. झूम १८ वर. टोकं जवळजवळ सारखी हलतात. काही फ्रेममध्ये मागचं जास्त, पण त्यात माझं लक्ष ड्रायव्हरच्या दारावर होतं.

चक्रधर

मग हात दोषी नाही, जागा दोषी आहे.

असं बघ. तू बांधावर उभा आहेस आणि गाडी समोरून चाललीये. नाकासमोरून जाणारी खिडकी तुझी मान सर्रकन फिरवते. पण त्याच क्षणी गाडीचं टोक तुझ्यापासून साडेपाच मीटर बाजूला आहे, म्हणजे तिरकं आणि जास्त लांब. त्या टोकाकडे बघायला मान तेवढ्या वेगानं फिरवावी लागत नाही. रेल्वे फाटकावर उभं राहिलं की हे कळतं. लांबून येणारं इंजिन सरकतच नाही असं वाटतं आणि समोर आलं की झपकन जातं. गाडीचा वेग तोच असतो, आपल्या मानेचा बदलतो.

कॅमेरा एका वेळी एकाच वेगानं फिरू शकतो. तू त्याला मधल्या खिडकीच्या वेगानं फिरवलास, म्हणून मधली खिडकी सेन्सरवर स्थिर राहिली. दोन्ही टोकांना त्या क्षणी कमी वेग हवा होता, त्यांच्यासाठी कॅमेरा जास्त फिरला. म्हणून आरसा दुहेरी. ड्रायव्हरच्या दाराबरोबर फिरलास तेव्हा शेपूट आणखी लांब पडलं, म्हणून ते जास्त बिघडलं.

उपाय म्हणजे मागे जा आणि झूम कर. लांबून पाहिलं की गाडीचं मध्य आणि टोक जवळजवळ एकाच कोनात येतात.

मिलिंद_एक्स

इतकं काही नसतं हो. १८ एमएमला किट लेन्सचे कोपरे मऊच असतात. चांगली लेन्स घेतली की प्रश्न मिटला.

चक्रधर

कोपरे मऊ असतात हे खरं. पण मऊ कोपरा आणि दुहेरी आरसा यात फरक आहे. लेन्सचा मऊपणा सगळ्या दिशांना पसरतो, हा फक्त आडवा पसरलाय. वाटसरू, खात्री हवी तर वाईच्या स्टँडवर उभ्या गाडीचा दहा मीटरवरून, १८ वर, एफ/२२ ला फोटो काढ. कॅमेरा कशावर तरी टेकव.

वाटसरू_वाई

काढला. दुपारी, उसाच्या रसाच्या गाड्यावर कॅमेरा ठेवून. कंट्रोलरनी "कुठल्या पेपरचे?" म्हणून विचारलं. आरसा एकच आला आणि दिव्याची कडही ठीक. एफ/२२ मुळे सगळाच फोटो थोडा मंद आहे, पण दुहेरी काही नाही. म्हणजे चक्रधरकाका म्हणतात तेच.

त्रिज्या

वाचनमात्र असते, पण इथे राहवलं नाही. चक्रधर यांच्या म्हणण्याचा हिशेब मांडते, भूमिती शाळेतलीच आहे.

गाडीचा मध्यबिंदू बरोबर समोर आहे आणि कॅमेरा त्याच्या वेगानं फिरतोय, असं धरू. मध्यापासून x अंतरावरचा भाग, तुमच्यापासून गाडीचं अंतर d. शटर उघडं असताना गाडी रस्त्यावर जेवढी पुढे जाते, त्याला s म्हणू. मग त्या भागाचं हलणं, गाडीच्या अंगावर मोजलं तर:

```
हलणं = s × (x/d)²
```

एसटी साधारण ११ मीटर, वेग ताशी ४० किमी धरला. म्हणजे सेकंदाला ११ मीटर, एका सेकंदात स्वतःची एक लांबी. १/१५ सेकंदात ती ७४ सेंमी जाते. टोक मध्यापासून ५.५ मीटर.

दहा मीटरवरून: ७४ × ०.३०, म्हणजे सुमारे २२ सेंमी. आरसा एक वीत पसरणार. तुमच्या फ्रेमची रुंदी तिथे १३ मीटर भरते, म्हणजे ६००० पिक्सेलमध्ये साधारण शंभर पिक्सेल. डोळ्याला टोचणारच.

पस्तीस मीटरवरून: ७४ × ०.०२५, दोन सेंमीच्याही आत. ५५ वर झूम केलं तर फ्रेम १५ मीटरची, म्हणजे सात-आठ पिक्सेल. मोबाइलवर बघणाऱ्याला कळणार नाही.

वर्ग आहे त्या कंसाला. अंतर साडेतीन पट केलं की दोष बाराव्या हिश्शावर येतो.

गोट्या८८

ताई, दहावीला भूमितीत ३५ पडले होते. "मागे जा" एवढंच लक्षात ठेवतो.

वाटसरू_वाई

त्रिज्या, प्रिंट काढून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवलाय.

एक शंका. मागे गेलो तर कॅमेरा हळू फिरणार. मग रेघा कमी नाही का होणार?

मिलिंद_एक्स

उलट टेलीने रेघा जास्त येतात. आणि बॅकग्राउंड जितकं लांब तितकी रेघ लांब. म्हणून मागे डोंगर असेल अशी जागा बघ.

त्रिज्या

दोन्ही नाही. कॅमेरा जागच्या जागी फिरतोय, त्यामुळे जे जे स्थिर आहे ते सगळं फ्रेममध्ये सारखंच सरकतं. रस्त्याकडेचं गवत, वडाचा बुंधा आणि पलीकडचा डोंगर, तिघांची रेघ जवळजवळ एकाच लांबीची. आणि ती रेघ गाडीच्या मापात मोजली तर गाडी शटरच्या वेळात जेवढी पुढे गेली तेवढीच असते, म्हणजे ७४ सेंमी. मागे जाऊन झूम केलंत तर कॅमेरा हळू फिरतो, पण लेन्स तेवढंच मोठं करून दाखवते. हिशेब फिटतो.

चक्रधर

हे मला वीस वर्षं हातानं माहीत होतं, कारण आज कळलं. धन्यवाद.

त्यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. मोटरसायकल दोन मीटरची, एसटी अकरा मीटरची. दोन्ही ४० नं जात असतील तर १/१५ ला दोघांची रेघ ७४ सेंमीच. पण मोटरसायकलला ती एक तृतीयांश अंगाएवढी, एसटीला पंधराव्या हिश्शाएवढी. म्हणून एकाच शटरवर दुचाकी उडाल्यासारखी दिसते आणि एसटी रेंगाळल्यासारखी. "पॅनिंगला १/३० ठेवा" असं सरसकट सांगतात ते दुचाकीवाल्यांचं माप आहे. मोठ्या गाडीला आणखी हळू यावं लागतं, आणि म्हणूनच मोठी गाडी अवघड. एसटीला १/१५ बरोबर निवडलास. पुढे १/८ करून बघ, पण आधी हे सुधारू दे.

मिलिंद_एक्स

ओके, रेघांचं मान्य. स्टॅबिलायझरवर मात्र मी ठाम आहे. तो पॅनिंगला भांडतो.

चक्रधर

साधा मोड भांडतो, हे बरोबर. तुम्ही कॅमेरा आडवा फिरवता, त्याला वाटतं हात हलला, तो उलटं ढकलतो. पण अनेक लेन्सवर मोड २ असतो. तो आडव्या हालचालीला हात लावत नाही, फक्त वरखाली सावरतो. १८ वर वरखालीचा थरकाप फार दिसत नाही. ५५ वर तोच थरकाप तिप्पट दिसतो. मागे जाण्याची किंमत हीच आहे, आणि ती मोड २ बऱ्यापैकी भरून काढतो. तेव्हा "नेहमी बंद" हे अर्धं खरं.

वाटसरू_वाई

माझ्या लेन्सवर फक्त चालू-बंद आहे. मोडचं बटणच नाही.

चक्रधर

काही लेन्स पॅनिंग आपणहून ओळखतात, काही नाही. वीस फ्रेम चालू ठेवून, वीस बंद ठेवून काढ. तुझी लेन्सच सांगेल.

रेवती_उट्रेख्त

मध्येच घुसते. इथे नेदरलँड्समध्ये रस्त्यावर सायकली भरपूर, मी रोज कालव्याच्या पुलावर हाच उद्योग करते. सायकल दोन मीटरचीच, त्यामुळे टोकांचा त्रास मला कधी जाणवला नाही. माझा त्रास वेगळा. सायकल शार्प, पण चेहरा हललेला. १/२० ला फ्रेम नीट, हँडल नीट, बाईंचं डोकं मात्र धुक्यात.

आणि एक. लार्तिगचा रेसिंग कारचा जुना फोटो आठवला. त्यात चाक पुढे झुकलंय आणि कडेचे लोक उलट बाजूला कललेत. तेही याच भूमितीचं का?

चक्रधर

नाही, ते वेगळं. त्या कॅमेऱ्यात शटरची फट प्लेटवरून सरकत जायची, म्हणजे फोटोचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी टिपला जायचा. लार्तिगनं कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, पण गाडीच्या वेगाला पुरा पडला नाही. म्हणून गाडी एकीकडे झुकली आणि उभे लोक दुसरीकडे. त्याचा हात पुरा पडला असता तर चाक गोल आलं असतं आणि कललेले फक्त लोक असते.

चेहऱ्याचं म्हणाल तर पेडल मारताना माणूस वरखाली होतो आणि डोलतो. सायकलशी जुळवलंत तर डोकं सुटणार. पेडल न मारता नुसतीच घरंगळत येणारी सायकल पकडा, पुलाच्या उतारावर मिळेल.

रेवती_उट्रेख्त

उतारावर! इतकी वर्षं चढावरच उभी राहते मी, सायकली हळू येतात म्हणून.

गोट्या८८

मला मोबाइलवर जमेल का? मित्राच्या बुलेटचा काढायचाय. प्रो मोडला १/३० केलं तर दुपारी सगळा पांढरा कागद येतो.

चक्रधर

मोबाइलच्या लेन्सचं भोक बहुतेक फोनमध्ये बदलतच नाही, आयएसओही एका मर्यादेखाली जात नाही. तेव्हा प्रकाश कमी करायला एकच जागा उरते, लेन्सच्या पुढे. क्लिपवाला एनडी फिल्टर लाव, नाहीतर दिवेलागणीला जा. दिवेलागणीला बुलेटचा हेडलाइटही छान येतो.

वाटसरू, हे तुलाही लागू. तुझं एफ/२२ मला खटकतंय. त्यानं फोटो मंद होतो हे तू स्टँडवर पाहिलंसच. शिवाय सेन्सरवरची धूळ एफ/२२ ला ठसठशीत दिसते. रेघांच्या मधोमध काळपट गोल ठिपके आहेत का बघ. सगळं बॅकग्राउंड ओढलं गेलंय आणि ठिपका मात्र जागच्या जागी गोल, तर ती धूळ. ती कॅमेऱ्याबरोबरच फिरते ना! तीन स्टॉपचा एनडी लावलास तर एफ/८ वर येशील.

वाटसरू_वाई

सात ठिपके मोजले. मी त्यांना पक्षी समजत होतो.

---

वाटसरू_वाई (रविवार)

जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी वड आहेत, त्यामुळे मागे गेलं की अलीकडचे बुंधे आडवे येतात. दोन किलोमीटर चालल्यावर एक ठिकाण मिळालं, जिथे अलीकडचे दोन-तीन वड नाहीत. तीसेक मीटरची खिंड, आणि पलीकडची रांग मात्र शाबूत. दक्षिणेकडच्या रानात कांदा निघाला होता, मालकांना विचारून आत गेलो. रस्त्यापासून पस्तीस ते चाळीस पावलं मागे. सकाळचं ऊन पाठीवरून तिरकं, गाडीच्या कुशीवर पडत होतं.

आधी पाय रोवले. बोटं खिंडीच्या मध्याकडे, मग कमरेतून उजवीकडे पीळ देऊन सुरूरकडून येणाऱ्या गाडीची वाट बघायची आणि पीळ सोडत डावीकडे यायचं. पहिल्यांदा उलटं केलं होतं, पाय येणाऱ्या गाडीकडे आणि बटण दाबायच्या वेळी कंबर ताणलेली. ते चुकीचं.

एक मजेशीर अडचणही सुटली. बांधावर उभा असायचो तेव्हा दर तिसरी साधी गाडी माझ्यासमोर हळू व्हायची. कॅमेरा डोळ्याला लावायला हात वर जायचा, आणि "हात दाखवा, एसटी थांबवा"! ड्रायव्हरला वाटायचं पाव्हणा चढणार. तो ब्रेक मारायचा, माझा कॅमेरा ठरल्या वेगानं पुढे निघून जायचा. रानात उभा राहिल्यापासून कुणी थांबत नाही.

निकाल: आरसा एकच! पण आता नवीनच. बऱ्याच फ्रेममध्ये सगळी गाडी वरखाली दुहेरी. खिडक्यांच्या आडव्या पट्ट्या दोन-दोन. लेन्स ५५ वर होती, म्हणून हातच कापला असणार ना? स्टॅबिलायझर चालू-बंद दोन्ही केलं, दोन्हीत आहे.

चक्रधर

हात म्हणायची घाई नको. रेघा वाच. बॅकग्राउंडमध्ये पानांतून येणारा उन्हाचा एखादा चमकता ठिपका शोध, तो शंभर टक्क्यांवर मोठा करून बघ. त्या ठिपक्यानं जी रेघ काढलीये ती तुझ्या कॅमेऱ्यानं शटर उघडं असताना केलेल्या प्रवासाची खूण आहे.

रेघ सापासारखी वळली असेल तर हात वरखाली झाला. रेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ आणि गाडी मात्र वरखाली दुहेरी, तर कॅमेरा नीट गेला, गाडी उडाली. रेघेचं एक टोक आकड्यासारखं वळलं असेल तर बटण दाबताना बोटानं झटका दिला किंवा क्लिक ऐकताच हात थांबला. आणि रेघ सरळ, पण गाडी आडवी पुसलेली, तर तू तिच्या पुढे तरी गेलास किंवा मागे तरी राहिलास.

वाटसरू_वाई

रेघा सरळ आहेत!! एकूण एक. तीन फ्रेममध्ये शेवटी छोटासा आकडा आहे, ते माझं बोट. पण दुहेरी गाडीच्या फ्रेममध्ये रेघ अगदी सरळ.

म्हणजे गाडी उडतेय. आठवलं. खिंडीच्या सुरुवातीला एक मोरी आहे आणि तिच्यापुढे डांबराचं ठिगळ. गाडी त्यावरून उतरली की चांगली दोन-तीनदा डुलते. मी नेमका तिथेच बटण दाबत होतो.

मिलिंद_एक्स

हे रेघ वाचणं भारी आहे. मी माझे जुने बाइकचे फोटो काढून बसलोय. निम्म्यांत आकडा आहे. क्लिक झालं की हात थांबवतो मी.

चक्रधर

बॅट्समन बॉल लागला की बॅट थांबवत नाही, तसंच. गाडी खिंडीबाहेर जाईपर्यंत फिरत राहायचं. डीएसएलआरमध्ये क्लिकच्या वेळी आरसा वर जाऊन डोळ्यासमोर काळं होतं, तिथेच हात अडखळतो. त्या काळ्यातही फिरत राहायची सवय लागली की आकडा जातो.

वाटसरू, मोरीपासून पुढे सरक. गाडीची डुलकी थांबायला दोन-तीन गाडीलांब्या द्याव्या लागतील.

---

वाटसरू_वाई (पुढचा रविवार)

शेवटचा रिपोर्ट. खिंडीच्या वाईकडच्या टोकाशी गेलो. तिथे गाडी शांत असते, पण पुढचा वड लगेच आडवा येतो, त्यामुळे वेळ कमी. नाक त्या बुंध्यामागे जायच्या आत सेकंदभरच पूर्ण गाडी मोकळी दिसते. तीन-तीनच्या बर्स्टनं काढले. मधली फ्रेम बहुतेक वेळा बरी, पहिलीत आकडा.

एनडी मिळाला नाही. जुना पोलरायझर होता तो लावला, दीडेक स्टॉप मिळाला. एफ/१३. ठिपके अजून आहेत, पण पुसट.

एकूण ६२ फ्रेम, ठेवण्यासारख्या चार. त्यातली एक खरी. पुणे-महाबळेश्वर गाडी, नाकापासून शिडीपर्यंत स्वच्छ, वडांचे बुंधे तपकिरी पट्ट्यांत विरघळलेले, आणि चौथ्या खिडकीत एक आजोबा टोपी धरून बसलेत. आजोबा स्वच्छ. स्टॅबिलायझर चालू होता त्या वेळी. चालूमध्ये तीन, बंदमध्ये एक, पण एवढ्यावरून काही म्हणता येत नाही.

एक मात्र कळलं नाही. आजोबांच्या मागे, पलीकडच्या खिडकीशी एक बाई आहेत. त्या थोड्या पुसलेल्या दिसतात. गाडी तीच, वेग तोच. मग त्या का हलल्या?

त्रिज्या

त्या तुमच्यापासून दोनेक मीटर जास्त लांब बसल्यात. लांब म्हणजे त्यांना बघायला मान थोडी हळू फिरायला हवी होती. पस्तीसला सदतीस, ७४ सेंमीपैकी चारेक सेंमी सुटतात. मागे गेलात की हेही कमी होतं.

चक्रधर

गणित पटतं. पण काचेतून दिसताहेत त्या, आणि पलीकडच्या खिडकीतून उजेड येतोय. चार सेंमीपेक्षा जास्त पुसट वाटताहेत मला. बाई मान वळवत असतील तेही असू शकतं. मूळ फाइल टाकशील का?

वाटसरू_वाई

टाकतो संध्याकाळी. नेट लाइनवर आलं की.

सुमनताई

फोटो फारच सुंदर. आजोबांची टोपी आमच्या अण्णांसारखी आहे. हा पॅनोरामा नाही ना?